परब सरांचा निम्मा इलेक्ट्रॉन

लवू परब सर फळ्यावर इलेक्ट्रॉन काढतात तेव्हा वर्ग शांत होतो. खडू एकदाच टेकवतात, मनगट फिरवतात आणि जिथून निघाले तिथेच बरोबर येऊन थांबतात. असा गोल कंपासनेही येत नाही. मग त्या गोलाला बाहेरून बाण काढतात, लहान मुलं सूर्याला काढतात तसे, आणि म्हणतात, "हा तुमचा इलेक्ट्रॉन. पोकळ आहे. आत काही नाही, तुमच्यासारखाच."

हा विनोद ते मी जन्माला यायच्या आधीपासून करत आहेत. वर्ग अजूनही हसतो, कारण अंतर्गत परीक्षेचे गुण सरांच्या हातात असतात.

सर लालबागचे. वडील गिरणीत होते, घर चाळीतलं, आणि गिरणीच्या जागेवर टॉवर उभा राहिला तरी सर त्याच दोन खोल्यांत आहेत. परळला आमच्या कॉलेजात ते चालत येतात. उन्हाळ्यात त्यांच्या गल्लीत मिरची कुटायला सुरुवात झाली की सरांच्या पांढऱ्या शर्टाबरोबर थोडा मसालाही वर्गात येतो आणि पहिला बाक शिंकायला लागतो. सर म्हणतात, अभ्यासाची अ‍ॅलर्जी आहे.

मी विनीत, देवरुखचा. इथे तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे तास चालू असेपर्यंत प्राध्यापक आणि घंटा झाली की नुसता विनीत. सर मला नावानेही हाक मारत नाहीत. "ए देवरुख" म्हणतात. माझी हरकत नाही, गावाची तेवढीच जाहिरात. शिवाय सरांना मी मुंबईत येण्याआधीपासून ओळखतो. आमच्या गावच्या कॉलेजात त्यांच्या नोट्स पोचल्या होत्या. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स. एका पानाच्या कडेला कुणाच्या तरी चहाचा डाग होता, तोही झेरॉक्स होऊन आला होता. आम्ही तो आकृती समजून वहीत उतरवला होता.

सरांचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा तर, ते चुकत नाहीत. फळ्यावर वजाचं अधिक झालं आणि एखाद्या मुलीने हात वर करून दाखवलं, की सर वळून तिच्याकडे कौतुकाने बघतात. "शाबास. जागे आहात का ते चेक करत होतो." विभागात या प्रकाराला 'चेकिंग' असंच नाव आहे. सरांनी एकदा मस्टरवर दुसऱ्याच्या नावापुढे सही केली, तेव्हा शिपायालाही कळलं की चेकिंग चाललंय.

आता तो प्रश्न.

तृतीय वर्षाच्या पेपरात तो दरवर्षी येतो. कधी अ मध्ये, कधी ब मध्ये, पण येतोच. 'विद्युतभारित पोकळ गोलाच्या क्षेत्रातील ऊर्जा इलेक्ट्रॉनच्या स्थिर ऊर्जेइतकी मानून इलेक्ट्रॉनची अभिजात त्रिज्या काढा.' वाचायला अवघड, आतला विचार सरळ आहे. एका पोकळ गोळीच्या पृष्ठभागावर सगळा विद्युतभार पसरलाय असं धरायचं. तिच्याभोवती विद्युतक्षेत्र असतं आणि क्षेत्रात ऊर्जा साठलेली असते. गोळी जितकी लहान तितकी ही ऊर्जा जास्त, कारण तेवढाच भार कमी जागेत कोंबलेला असतो. दुसरीकडे इलेक्ट्रॉनला वस्तुमान आहे, म्हणजे त्याची म्हणून एक स्थिर ऊर्जा आहे, वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग. समजा ही सगळी ऊर्जा त्या क्षेत्राचीच आहे, तर गोळी केवढी असायला हवी? जे माप येईल ती त्रिज्या.

पुस्तकात या त्रिज्येपुढे २.८२ फेम्टोमीटर लिहिलेलं असतं. मिलिमीटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले जेमतेम तीन. प्रत्येक पुस्तकात हेच, सरांच्या नोट्समध्ये हेच, आणि त्यामुळे उत्तरसूचीतही हेच. हिशेबाच्या पायऱ्यांना तीन गुण, उत्तराला दोन.

गोम एवढीच की पोकळ गोलाचा हिशेब प्रामाणिकपणे केला तर २.८२ येत नाही. बरोबर निम्मं येतं, १.४१. ऊर्जेच्या सूत्रात एक अर्धा असतो, तो शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. छेदात आठ पाय (π) येतात, आणि २.८२ साठी चार पाय लागतात.

पण आमची मुलं हुशार. शेवटचं उत्तर त्यांना आधीच पाठ असतं, त्यामुळे हिशेब म्हणजे तिथवर पोचायची वाट तेवढी. उत्तरपत्रिका तपासताना मी या अर्ध्याचे नाना मृत्यू पाहिले आहेत. कुणी तो पहिल्याच ओळीत विसरतं. कुणी पानाच्या शेवटी आठ लिहितं आणि पान उलटल्यावर चार. एकाने तर क्षेत्राची ऊर्जा बाहेरची एक आणि आतली एक अशी दोनदा घेतली होती. पोकळ गोलाच्या आत क्षेत्र शून्य असतं, हे त्यानेच वरच्या ओळीत लिहिलं होतं. शून्यातून त्याने नेमकी हवी तेवढी ऊर्जा काढली. त्याला पाचपैकी पाच मिळाले.

वर्षानुवर्षं हे सुखात चाललं होतं. मुलं अर्धा मारायची, आम्ही गुण द्यायचो. मग ओलिव्हिया आली.

ओलिव्हिया गोन्साल्विस माझगावची. हुशार वगैरे नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही भलतीच कल्पना कराल. वर्गात फार दिसायची नाही. तिच्या मामाचं केक-पावाचं दुकान आहे, नाताळच्या आगेमागे ती तिथेच असायची, आणि सरांनी इलेक्ट्रॉनचा गोल काढला तो तास नेमका त्या दिवसांत पडला. नोट्स तिने घेतल्या नव्हत्या. २.८२ हा आकडा तिने कधी ऐकलाच नव्हता. त्यामुळे परीक्षेत तो प्रश्न आल्यावर तिच्यापुढे एकच मार्ग उरला, हिशेब करण्याचा. तिने तो केला. १.४१ आलं, ते लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

त्या दोन रेघांभोवती लाल गोल आला. शेजारी '२.८२?' असं लिहिलेलं. पाचपैकी तीन. आणि त्या पेपरात ओलिव्हिया बरोबर दोन गुणांनी नापास झाली.

एमएस्सीला तिला जागा मिळाली होती, पास झाल्याचा निकाल शुक्रवारपर्यंत नेऊन दाखवायच्या अटीवर. ती उत्तरपत्रिकेची प्रत घेऊन सोमवारी विभागात आली. पेपर आमच्याच विभागातल्या वैभव सरांनी तपासला होता. ते म्हणाले, मी उत्तरसूचीप्रमाणे गेलो, सूची परब सरांची. आणि पंख्याखालची खुर्ची धरून बसले.

परब सरांनी प्रत हातात घेतली. चष्मा कपाळावर ढकलला. लांबचा हिशेब ते चष्म्यातून बघतात, जवळचा चष्म्याशिवाय.

"फायनल आन्सर मॅच होत नाही तुझं," ते म्हणाले.

"कशाशी, सर?"

पुस्तकाशी, असं सर म्हणणार असावेत. पण ते समोरचं पान वाचायला लागले होते. बोट एकेका ओळीवरून खाली येत होतं.

"सर, कुठली स्टेप चुकली तेवढं दाखवा ना," ओलिव्हिया म्हणाली. भांडायच्या सुरात नाही, खरंच विचारत होती. "मी घरी जाऊन परत करते. मला वाटतं कॅल्क्युलेटरचा लोचा झाला असेल."

सरांचं बोट दोन रेघांपर्यंत आलं, तिथून पुन्हा वर गेलं. शेवटी ते म्हणाले, प्रत माझ्याकडे राहू दे. उद्या सांगतो.

ती गेल्यावर मी जरा चहाटळपणा केला. म्हटलं, सर, हे चेकिंग बरंच लांबलं. सरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मला म्हणाले, संध्याकाळी घरी ये जेवायला.

सरांच्या घरी जेवण म्हणजे मासे आणि टोमणे. मासे सर करतात, टोमणे मीराकाकू. त्या दिवशी कोळंबीचं सार खारट झालं होतं. सर म्हणाले, तांदूळ नवीन आहे, भाताबरोबर बरोबर लागेल. मीराकाकू मला वाढता वाढता म्हणाल्या, "आमच्याकडे चूक फक्त मी करतंय, विनीत. ह्यांनी केली की तो प्रयोग आसता."

एरवी सर याला काहीतरी उत्तर देतात. त्या दिवशी नुसता भात कालवत राहिले. हात धुतल्यावर त्यांनी ओलिव्हियाची प्रत काढली आणि आम्ही दोघं गॅलरीत बसलो. खाली कुणीतरी मिरचीची पोती उतरवत होतं, दोघांच्याही डोळ्यांना पाणी. सरांचं मिरचीमुळेच असेल.

त्यांना सगळं ठाऊक होतं, हेच मला तिथे कळलं. पोकळ गोल धरला तर १.४१. भरीव गोल धरला, भार आतही सगळीकडे सारखा पसरलेला, तर १.६९. आणि २.८२ हा कुठल्याच गोळीचा हिशेब नाही. इलेक्ट्रॉनइतकेच दोन भार लांबून आणून एकमेकांपासून ज्या अंतरावर ठेवायला स्थिर ऊर्जेइतकं काम पडतं, ते अंतर २.८२. इलेक्ट्रॉनचा आकार कुणी पाहिलाय? मग पोकळला अर्धा आणि भरीवला तीन पंचमांश असे गुणक कशाला सांभाळा, म्हणून सगळ्यांनी गुणक सोडून एकच संख्या ठरवून घेतली. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवरून कसे विखुरतात त्या हिशेबात तीच संख्या सोयीची पडते. म्हणजे पुस्तक चूक नाही. पुस्तक व्याख्या देतंय. प्रश्न मात्र पोकळ गोलाचा आहे, आणि प्रश्न सरांनी काढलाय.

"पूर्वी मी वर्गात सांगायचो हे," सर म्हणाले. "पोकळ शेलचं उत्तर निम्मं येतं, पुस्तकातली संख्या गुणक सोडून आहे. मग पोरं विचारायची, गुणक का सोडायचा. ते समजवण्यात पूर्ण तास जायचा. पोर्शन राहायचा. मग एका वर्षी नाही सांगितलं. कुणी विचारलंही नाही."

मी म्हटलं, मग उद्या तिला दोन गुण देऊन टाका, विषय संपला. सर म्हणाले, एवढं सोपं असतं तर तुला कोळंबी कशाला घातली असती. गुण वाढवायचे तर समितीपुढे जावं लागतं. समितीला कारण द्यावं लागतं. कारण एकच आहे आणि ते माझं नाव आहे. सर पुढल्या वर्षी निवृत्त होणार. निरोपाच्या भाषणात त्यांच्याबद्दल काय बोलायचं हे विभागात आधीच ठरलेलं होतं, परब सर कधी चुकले नाहीत.

समिती बुधवारी बसली. अध्यक्ष विभागप्रमुख सीमा देवस्थळी मॅडम, सदस्य वैभव सर आणि परब सर, आणि इतिवृत्त लिहायला मी, कारण तासिका तत्त्वावरच्या माणसाचं अक्षर नेहमी चांगलं असतं. बटाटेवडे मागवले होते.

सीमा मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं की इलेक्ट्रॉनची त्रिज्या ही आंतरराष्ट्रीय बाब आहे. जगभर २.८२ आहे. परळमध्ये ती वेगळी धरली तर वर काय कळवायचं? वैभव सरांनी वडा खाता खाता एक अभ्यासपूर्ण मुद्दा मांडला. गोल पोकळच का? भरीव धरला तर उत्तर १.६९ येतं, ते २.८२ च्या जरा तरी जवळ आहे. मुलीने भरीव धरायला हवा होता. मी लिहिता लिहिता म्हटलं की प्रश्नात पोकळ दिलाय. वैभव सर म्हणाले, ते मी नंतर वाचलं.

मग त्यांना तोडगा सुचला. १.४१ हे २.८२ च्या बरोबर निम्मं. उत्तर निम्मं, तर गुणही निम्मे. दोनपैकी एक देऊ.

सीमा मॅडमना हे फार आवडलं. न्यायही झाला आणि गणितही झालं. फक्त ओलिव्हियाला दोन कमी होते, त्यामुळे एक मिळाल्यावर ती एका गुणाने नापास होणार होती, आधीपेक्षा निम्मी. मी हे मोठ्याने म्हटलं. मॅडम म्हणाल्या, विनीत, तुम्ही फक्त लिहा.

नंतर आणखी एक वाट निघाली. आजचं विज्ञान सांगतं की इलेक्ट्रॉनला आकार असल्याचं अजून कुणाला सापडलेलं नाही, तो बिंदूच मानतात. मग त्रिज्या विचारणं हाच मुळात दोष, प्रश्न रद्द करा आणि सगळ्यांना पाच गुण वाटा. वैभव सरांनी मान डोलावली. पण प्रश्न रद्द म्हणजे परीक्षा विभागाला कळवणं, सगळा निकाल नव्याने लावणं, आणि शुक्रवारच काय, श्रावण उजाडला असता. मॅडमनी तो बिंदू तिथेच सोडला.

तेव्हा परब सर बोलले.

"प्रश्न बरोबर आहे. पोरीचं उत्तर बरोबर आहे. सूचीतलं उत्तर चूक आहे, आणि सूची मी केलीय."

वैभव सरांनी वडा खाली ठेवला. मला वाटलं दोष सूचीवर गेला म्हणून त्यांना आता आनंद होईल, पण त्यांचा चेहरा पडला होता. वैभव सर परब सरांचेच विद्यार्थी. सीमा मॅडमनीही त्याच नोट्सवर एमएस्सी केलेली. सर चुकले म्हणजे बाकीचे इतकी वर्षं काय करत होते, हा प्रश्न टेबलावर वड्यांच्या शेजारी येऊन बसला होता.

वैभव सर पुढे वाकले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "सर, तुम्ही चेक करत होता ना? आम्ही जागे आहोत का ते?"

खरं सांगतो, त्यात टोमणा नव्हता. बुडणाऱ्याला दोर टाकावा तसं ते वाक्य टाकलं होतं. सरांनी फक्त 'हो' म्हणायचं होतं. ओलिव्हियाला दोन गुण मिळाले असते, निरोपाचं भाषण शाबूत राहिलं असतं आणि आम्ही सगळे चहा प्यायला गेलो असतो.

सरांनी दोराकडे बराच वेळ बघितलं.

"नाही रे," ते म्हणाले. "चुकलो."

सीमा मॅडमनी ताबडतोब मला सांगितलं की लिहा, टंकलेखनातील किरकोळ त्रुटी. सर म्हणाले, टाइप मीच केलं होतं आणि टायपिंग उत्तम होतं. लिही, आदर्श उत्तर चुकीचं होतं. मॅडम म्हणाल्या, 'दुरुस्तीस पात्र' लिहूया. सर म्हणाले, चुकीचं. असं दोघांनी इलेक्ट्रॉनच्या आकारावर घालवला त्याहून जास्त वेळ त्या एका शब्दावर घालवला. शेवटी 'चुकीचे' लिहिलं गेलं, कारण सर त्याशिवाय सहीच करेनात, आणि सगळ्यांना घरी जायचं होतं.

आठाचे चार केलेल्यांचं काय, हा मुद्दा मीच काढला. त्यांचे दोन गुण कापायचे का? नियम असा निघाला की निकाल लागल्यावर फेरतपासणीत गुण वाढू शकतात, कमी होत नाहीत. म्हणजे शून्यातून ऊर्जा काढणारा तो मुलगा पाचपैकी पाचवर कायम राहिला. तो आता एका मोठ्या क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो असं ऐकलंय. त्याचा बॅच फुल्ल असतो.

गुरुवारी निकाल बदलून आला. ओलिव्हिया धावतपळत विभागात आली, हातात कागद, आणि सरांच्या पाया पडायला गेली तर सर मागे सरले. म्हणाले, पाया कसली पडतेस, तुझेच गुण तुला मिळाले. मग जरा घसा खाकरून विचारलं, "पण २.८२ कुठून येतं, माहीत आहे का तुला?"

"नाही, सर. तुम्ही शिकवलं असेल. मी त्या दिवशी नव्हते."

"मी शिकवलं नाही," सर म्हणाले आणि खडू घेतला. फळ्यावर गोल काढला, एकाच फिरवण्यात. बाण काढले. पोकळ आहे म्हणाले, पुढचं वाक्य मात्र बोलले नाहीत. मग गोल पुसून दोन बिंदू काढले, त्यांच्यामधे एक रेघ, आणि एक भार लांबून आणायला किती काम पडतं ते सांगू लागले. ओलिव्हिया मान डोलवत होती आणि तिची नजर दारावरच्या घड्याळाकडे जात होती. एमएस्सीचं ऑफिस फोर्टला, आणि तिथली खिडकी दुपारी बंद झाली की झाली.

"सर, सॉरी, पण मला ते जमा करायचंय आज—"

"अरे हो. पळ, पळ."

ती पळाली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत गेला. सर फळ्यापाशी तसेच उभे होते, हिशेब निम्म्यावर. मग वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ए देवरुख, तुला तरी येतं का हे?"

मी म्हटलं, म्हणजे काय, सर, येतंच की.

सरांनी खडू माझ्यापुढे धरला आणि पंख्याखालच्या खुर्चीत जाऊन बसले.